पुस्तिका वाचू नका, जुळवा

प्रश्न: "आमच्या मंडळाची दोन दिवसांची इतिहास परिषद आहे, इंदूरलाच. चोवीस पानी कार्यक्रम पुस्तिका हिंदी-मराठी दोन्हींत आहे. प्रूफ माझ्याकडे आलंय, परवा छापायला जाणार. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. सत्रांची नावं, वक्त्यांची पदं, खोल्या आणि वेळा यांत चूक राहू नये म्हणून नेमकं काय करू?"

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जाणं आता बंद करा. असल्या पुस्तिकेतली चूक एका पानावर दिसतच नाही. दोन पानं शेजारी ठेवली की ती दिसते. सहाव्या पानावर "सत्र ६, १२.०० ते १.१५" हे अगदी बरोबर वाटतं, आणि तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात "११.४५ ते १.१५" हेही तितकंच बरोबर वाटतं.

एकच माहिती पुस्तिकेत किती ठिकाणी येते ते आधी मोजा. सुरुवातीचा दोन दिवसांचा तक्ता, सत्राचं स्वतंत्र पान, निबंधांचे सारांश, मागची वक्त्यांची यादी, आणि पुस्तिकेबाहेर दारावर चिकटवायचे कागद. पाच जागा झाल्या. कोणी वक्ता येत नाही म्हणून फोन आला की संयोजक ऑपरेटरला एक जागा सांगतात, ऑपरेटर तीच बदलतो, आणि उरलेल्या चार जागी जुना माणूस बसून राहतो. मी आजवर पाहिलेल्या गंभीर चुका जवळजवळ सगळ्या अशाच झालेल्या होत्या, टायपिंगच्या फार थोड्या.

म्हणून प्रूफशी ताडून बघायला एक मूळ कागद लागतो. तो प्रूफवरून तयार करू नका, नाहीतर प्रूफमधलीच चूक त्यात उतरेल. वक्त्यांच्या मेल, स्वीकृतीची पत्रं आणि सभागृहाची बुकिंग पावती घेऊन एक्सेलमध्ये बसा. एका ओळीत एकच माणूस घ्या, मग तो वक्ता असो की सत्राध्यक्ष. रकाने असे: A सत्र क्रमांक, B शीर्षक, C भूमिका, D नाव, E पद, F खोली, G सत्राची सुरुवात, H सत्राचा शेवट. वेळ तारखेसकट भरा, नाहीतर शनिवारचे अकरा आणि रविवारचे अकरा एकच समजले जातील. नावाच्या रकान्यात "डॉ.", "प्रा." लावू नका आणि नाव सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा. मग पुढच्या रकान्यात हे टाकून खालपर्यंत ओढा:

```
=SUMPRODUCT((D$2:D$200=D2)*(G$2:G$200<H2)*(H$2:H$200>G2))
```

उत्तर १ आलं तर माणूस त्या वेळी एकाच जागी आहे. २ किंवा जास्त आलं तर एकतर तो एकाच सत्रात अध्यक्षही आहे आणि वक्ताही, किंवा दोन सत्रांत एकाच वेळी बसवलेला आहे. पहिल्याबद्दल संयोजकांना विचारून घ्या. दुसरं चालणारच नाही. (खोल्यांसाठी D च्या जागी F घ्या आणि सत्र क्रमांक वेगळा असल्याची अट वाढवा. तिथे उत्तर ० यायला हवं.)

आता माझ्या हातून गेलेलं एक प्रकरण सांगतो. परिषद इथलीच, विषय होळकरकालीन कागदपत्रं. सत्र ६ आणि सत्र ७ समांतर होती. सत्र ६ च्या अध्यक्षांनी आजारपणामुळे नकार कळवला, त्यांच्या जागी ज्यांना घेतलं ते सत्र ७ मध्ये निबंध वाचणार होते. दोन्ही पानं सुटी वाचली तर बिनचूक. मी दोनदा वाचली होती, सही करून दिली होती. तक्ता भरला तेव्हा रकान्यात २ आला आणि मग कपाळावर हात मारला. छपाई सुरू व्हायला काही तास उरले होते म्हणून निभावलं.

त्याच सत्राचा वेळही बसत नव्हता. सत्र नव्वद मिनिटांचं, निबंध चार, प्रत्येकी वीस मिनिटं. म्हणजे ऐंशी झाली. अध्यक्षांचं प्रास्ताविक पाच, चर्चा पंधरा. बेरीज शंभर. ही दहा मिनिटं जेवणातून जातात, आणि पहिल्या दिवशी जेवण लांबलं की दुपारची दोन्ही समांतर सत्रं वेगवेगळ्या वेळी सुरू होतात, मग एका खोलीतून दुसरीकडे जाणाऱ्यांचे हाल. अशा वेळी प्रूफ बघणाऱ्यानं स्वतः काही बदलायचं नसतं. समासात "बेरीज १००, सत्र ९०" एवढं लिहून संयोजकांकडे पाठवायचं. त्यांनी निबंधाचा वेळ सतरा मिनिटं केला आणि चर्चेला उरलेली सतरा ठेवली. प्रत्येक सत्राची अशी बेरीज कागदावर करा, डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. त्याच बैठकीत वार आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ताडून घ्या, मागच्या वर्षीच्या पुस्तिकेची फाइल वापरली असेल तर नक्कीच.

पदांबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण इंदूरच्या मराठी माणसाची इथेच फसगत होते. महाराष्ट्रात राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती आणि विद्यापीठ चालवणारे कुलगुरू. आपल्या मध्य प्रदेशात राज्यपालांना कुलाधिपती म्हणतात, आणि विद्यापीठ चालवणाऱ्यांना हिंदीत "कुलपति" म्हणत. २०२४ मध्ये राज्य सरकारनं ते बदलून "कुलगुरु" केलं. त्यामुळे एखाद्या पाहुण्यांच्या जुन्या परिचयात "पूर्व कुलपति" असेल आणि तुम्ही मराठी पानावर "माजी कुलपती" छापलंत, तर मराठी वाचकाला ते माजी राज्यपाल वाटतील. तिथे "माजी कुलगुरू" हवं. हिंदी पानावर शेवटचं अक्षर ऱ्हस्व, मराठीत दीर्घ. दोन्ही पानांवर एकच रूप असलं तर एक कुठलंतरी नक्की चुकलेलं आहे.

हिंदीतला "पूर्व" हा शब्द वेगळाच घोळ घालतो. "पूर्व प्राचार्य" मराठीत आणताना ऑपरेटर घाईत "पूर्व" गाळतो आणि निवृत्त माणूस परत खुर्चीवर बसतो. मग सध्याच्या प्राचार्यांचा फोन येतो. तसंच "आचार्य" आणि "प्राचार्य" यांतला फरक बघा. काही संस्थांत प्राध्यापकाला आचार्य म्हणतात, प्राचार्य म्हणजे कॉलेजचे प्रमुख. सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक हे दोन वेगळे दर्जे आहेत, आणि ज्याचा दर्जा तुम्ही खाली आणलात तो तुम्हाला विसरत नाही. पद कुणाच्या सांगण्यावरून छापू नका. वक्त्यानं स्वतः पाठवलेल्या परिचयातल्या शब्दांत छापा, आणि परिचय जुना वाटला तर एक ओळ पाठवून विचारा: "पद असंच छापू ना?"

आडनावांत ळ बघा. हिंदी टायपिस्टच्या हाताला ळ लागत नाही, म्हणून काळे यांचे काले होतात आणि पळशीकरांचे पलशीकर. ते दिसलं की आपण सगळीकडे ळ करत सुटतो, आणि गोखले, भोसले यांचं वाटोळं करतो. बदला-सगळे ही आज्ञा आडनावांवर चालवू नका, एकेक बघा.

शीर्षकांचं एक उदाहरण देतो, मला आठवलं की अजून हसू येतं. निबंध होता मोडी कागदपत्रांवर. प्रूफमध्ये तीन ठिकाणी "मोडी लिपी" आणि चौथ्या ठिकाणी, म्हणजे सगळ्यात मोठ्या अक्षरांतल्या तक्त्यात, "मोदी लिपी". कारण तक्ता दुसऱ्याच मुलानं टाइप केला होता आणि त्याला मोडी हा शब्द ठाऊकच नव्हता. शब्द खरा असल्यामुळे संगणक काही बोलला नाही. म्हणून शीर्षकं दोघांनी मिळून तपासायची. एकानं स्वीकृतीच्या मेलवरून मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसह ("प्रश्नचिन्ह", "अपूर्णविराम"), दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवून चालायचं. लेखकानं स्वतःच "स्त्रोत" लिहिलं असेल तर "स्रोत" करायला हरकत नाही. शब्दरचना बदलायची असेल तर मात्र त्याला विचारा.

प्रूफ जुन्या कृतिदेवातल्या मजकुरावरून युनिकोडमध्ये आणलेलं असेल तर वेळांकडे पुन्हा बघा. त्या फॉन्टमध्ये रेघ आणि टिंब यांच्या कळा नेहमीपेक्षा वेगळ्या असतात, त्यामुळे "१०.३०-११.१५" मधली रेघ टिंब होऊन बसू शकते. ऱ्हस्व वेलांटी आणि रफारही जागचे हलतात. वेळेत रेघेऐवजी "ते" हा शब्दच वापरायला सांगा, प्रश्न मिटतो. आणि "१२.१५" च्या मागे "दुपारी" लावा.

खोल्यांसाठी कागद पुरत नाही, जाऊन या. "प्रथम तल" म्हणजे जिना चढून गेल्यावरचा मजला की रस्त्याला लागून असलेला, हे त्या इमारतीच्या दारावर काय लिहिलंय त्यावर ठरतं. एका आवारात दोन इमारती असतील तर १२ क्रमांकाची खोली दोन्हींत असते. बुकिंग पावतीवर खोलीचं नाव असतं आणि दारावर नुसता आकडा, किंवा उलट. पुस्तिकेत दारावर जे आहे तेच छापा, कारण आलेला माणूस पावती वाचत नाही.

दुरुस्त्या करून नवं प्रूफ आलं की फक्त दुरुस्त जागा बघून सोडू नका. एका ओळीत दोन शब्द वाढले की खालची वेळ पुढच्या चौकटीत सरकते. जुनं आणि नवं पान एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. जिथे अक्षरं जुळत नाहीत तिथे काहीतरी हललंय. एखादं पान वाढवायची वेळ आली तर छापखान्याला आधी विचारा. पिनांनी शिवलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत चालतात, चोवीसनंतर थेट अठ्ठावीस.

छापल्यावर चूक सापडलीच तर शुद्धिपत्र फक्त वेळ आणि खोली यांचं काढा, अर्ध्या पानाचं, तक्त्याच्या पानात घालून. पदाची चूक असेल तर त्या व्यक्तीला आधी फोन करा, आणि सत्राच्या सूत्रसंचालकाच्या हातात बरोबर पद लिहिलेली चिठ्ठी द्या. आदल्या संध्याकाळी दारावरचे कागद लावायला जाल तेव्हा छापील पुस्तिका सोबत ठेवा आणि प्रत्येक दारापाशी थांबून तक्त्याशी ताडूनच कागद चिकटवा.