रजिस्टर की अहवाल? धोटा कुठे गेला ते आधी बघा

प्रश्न: सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात नुकताच शिफ्ट सुपरवायझर झालोय. कुठली बारीक घटना अहवाल करून वर पाठवायची आणि कुठली नुसती रोजच्या रजिस्टरात लिहायची?

नुकसान किती झालं यावरून ठरवू नका. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत आधी जॉबर होतो, मग सुपरवायझर झालो. मी एवढंच बघतो, की हातभर इकडे तिकडे झालं असतं तर माणसाला लागलं असतं का?

धोट्याचंच घ्या, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो. धोटा ताण्यात अडकला, शेकड्यांनी धागे तुटले, सांधायला दोन तास गेले. मालक ओरडेल, पण ही नोंद रजिस्टरातलीच. उलट धोटा मागाबाहेर उडाला, भिंतीवर आपटला, कुणाला लागला नाही आणि पाच मिनिटांत माग सुरू झाला, तर त्याचा अहवाल झालाच पाहिजे. धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असते, आणि शेजारच्या मागावर माणूस वाकूनच काम करत असतो. डोळा जायला तेवढं पुरे.

आमच्याकडे एका मागावर आठवड्यात तीनदा 'धोटा अडकला, चालू केला' अशी नोंद होती. तिन्ही वेळा शिफ्ट वेगळी, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं एकदाच झालंय. चौथ्या रात्री धोटा उडाला आणि एका कामगाराच्या कानाजवळून गेला. बघितलं तर धोट्याला धक्का देणारा पिकर झिजून त्याला खोल खड्डा पडलेला, धोटा पेटीतून तिरका सुटत होता. तेव्हापासून मी शिफ्ट घेताना मागची सात दिवसांची पानं चाळतो. एकाच मागावर तीच नोंद दुसऱ्यांदा दिसली, की अहवाल करतो आणि पिकर, पेटी, धोटा अडवणारा गज तपासल्याशिवाय माग चालू करू देत नाही.

जखमेचं थोडं वेगळं आहे, कारण ती रात्री कळत नाही. बोट चेपलं, पट्टी बांधली, माणूस म्हणतो "काय नाही साहेब", आणि दुसऱ्या दिवशी बोट सुजून येतं. कायद्याची रेघ 48 तासांची आहे. अपघातानंतर तेवढा वेळ किंवा जास्त माणूस कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याला सरकारी निरीक्षकाकडे कळवावं लागतं. म्हणून साधी पट्टी बांधली तरी नाव, वेळ आणि माग क्रमांक रजिस्टरात लिहा, आणि पुढचे दोन दिवस तो आला का ते स्वतः विचारा. नाही आला तर जुनी नोंद खोडू नका. त्याच पानाचा हवाला देऊन त्याच दिवशी अहवाल करा, आणि मॅनेजरची पोच घेऊन ठेवा.

"हलकं काम देतो, नुसतं येऊन बस" असं सांगून 48 तास टाळायचा प्रकार मी बघितलाय. त्यावर सही करू नका.