एक तारा, खोटा आरोप आणि आपले उत्तर

«दवाखान्याचे गूगलवरील पान सुरू करून सहा महिने झाले. काल एका रुग्णाने एक तारा देऊन लिहिले आहे की मी न सांगता अक्कलदाढ काढली, तीन दिवस चेहरा सुजला आणि फोन केला तर कोणी उचलला नाही. संमतिपत्रावर त्यांची सही माझ्याकडे आहे. मी खरे काय ते तेथेच लिहावे का?»

डॉक्टर, ते संमतिपत्र जपून ठेवा, परंतु त्याचा उल्लेख त्या पानावर करू नका. आपली बाजू खरी असताना गप्प बसणे किती जड जाते हे मला ठाऊक आहे. तरीही येथे गोपनीयतेचे बंधन आपल्या बाजूच्या खरेपणावर अवलंबून नाही. रुग्णाने स्वतःच्या आजाराबद्दल जाहीरपणे लिहिले, तर तो त्याने स्वतःपुरता घेतलेला निर्णय असतो. त्यामुळे आपल्याला बोलण्याची परवानगी मिळत नाही. जागतिक वैद्यकीय संघाच्या १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत विश्वासाने सांगितलेली गुपिते पाळण्याचे वचन आहे आणि आजच्या पाठानुसार ते रुग्णाच्या मृत्यूनंतरही लागू राहते. म्हणजे उद्या एखाद्या दिवंगत रुग्णाच्या मुलाने तक्रार लिहिली, तरी उत्तराची मर्यादा हीच राहील.

अशा वेळी रागाच्या भरात साधारण कसे उत्तर लिहिले जाते ते पाहू: «आपण १२ तारखेला आलात तेव्हा सर्व समजावून सांगितले होते आणि आपण सही केली होती. आपल्याला मधुमेह असल्याने सूज उशिरा उतरली. शिवाय आपण गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत.» या तीन वाक्यांत रुग्णाने न लिहिलेल्या चार गोष्टी बाहेर पडल्या: भेटीची तारीख, सही, मधुमेह आणि औषधांतील हयगय. मधुमेहाची गोष्ट सर्वांत गंभीर आहे, कारण ती कदाचित त्यांच्या कार्यालयात कोणालाही माहीत नसेल. खात्यावरील नाव टोपणनाव असले तरी फरक पडत नाही. तारीख आणि उपचार यांवरून ओळखीची माणसे सहज अंदाज बांधतात. अमेरिकेत डॅलसच्या एका दंतचिकित्सा संस्थेने समीक्षेच्या उत्तरात रुग्णाचे आडनाव आणि प्रकृतीचा तपशील लिहिला होता. २०१९ मध्ये तेथील आरोग्य खात्याशी झालेल्या तडजोडीत त्या संस्थेला १०,००० डॉलर भरावे लागले आणि दोन वर्षे देखरेखीखाली आपली कार्यपद्धती सुधारावी लागली.

उत्तर लिहून झाले की मी एक कसोटी लावतो: ही समीक्षा आमच्या दवाखान्यात कधीही न आलेल्या माणसाने लिहिली असती, तर हेच उत्तर शब्दही न बदलता चालले असते का? चालले नसते, तर उत्तरात कोठेतरी रुग्णाबद्दलची माहिती शिरली आहे. या कसोटीवर «आपण आमच्याकडे आलात याबद्दल आभार» हे सौजन्याचे वाक्यही नापास होते, कारण त्यातून ती व्यक्ती आपली रुग्ण असल्याचे आपण स्वतःच मान्य करतो. दातांच्या दवाखान्यात हे किरकोळ वाटेल. मनोविकारतज्ज्ञाच्या किंवा वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पानावर तेवढी कबुलीच पुरेशी घातक असते.

आपल्या प्रसंगात मी असे लिहिले असते: «कोणाच्याही उपचारांबद्दल, तसेच कोणी आमच्याकडे आले होते किंवा नाही याबद्दल, आम्ही येथे लिहू शकत नाही. दवाखाना बंद असताना फोन लागत नसेल, तर ती त्रुटी आम्हाला दूर करायची आहे. ज्यांना आपला अनुभव सांगायचा असेल, त्यांनी दवाखान्याच्या क्रमांकावर थेट माझ्याशी बोलावे.» संमतीच्या आरोपाला येथे मुद्दामच उत्तर दिलेले नाही. «आम्ही संमतीशिवाय दात काढत नाही» हे वाक्य वरकरणी सर्वसाधारण असले, तरी या समीक्षेखाली त्याचा अर्थ «हे खोटे बोलत आहेत» असाच घेतला जाईल. फोनची तक्रार मात्र व्यवस्थेबद्दल आहे, म्हणून तिच्यावर बोलता येते. आणि ती खरी आहे का, हे आज कॉलची नोंद पाहून तपासाच. माझ्या अनुभवात एक ताऱ्यामागचा राग पुष्कळदा उपचारांपेक्षा न उचललेल्या फोनचा असतो.

उत्तर टाकण्यापूर्वी समीक्षेचे तारखेसह चित्र जतन करा आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा असेल तर विमा कंपनीला कळवा, कारण «न सांगता काढली» हा आरोप पुढे औपचारिक तक्रारीचे रूप घेऊ शकतो. तशी वेळ आल्यास ते संमतिपत्र वकिलाला, दंत परिषदेला किंवा न्यायालयाला गरजेपुरते दाखवता येते. त्याची जागा तेथेच आहे. रुग्णाच्या जुन्या नोंदीत आता एक अक्षरही बदलू नका. काही लिहायचे राहिले असेल, तर ते आजची तारीख घालून स्वतंत्र नोंद म्हणून लिहा. मागाहून घुसवलेली ओळ उघडकीला आली, तर खरे संमतिपत्रही संशयास्पद ठरते. गूगलकडे समीक्षा हटवण्याची विनंती करता येते, परंतु ती बनावट, शिवीगाळ करणारी किंवा अन्य प्रकारे त्यांच्या नियमांबाहेर असेल तरच. केवळ आपल्याला मान्य नाही म्हणून ती काढली जात नाही. समाधानी रुग्णांना निवडून पाच तारे मागणे किंवा त्यासाठी सवलत देणेही त्या नियमांत बसत नाही.

चांगल्या समीक्षांकडे दुर्लक्ष होते, म्हणून माझी स्वतःची चूक सांगतो. एका बाईंनी आमच्याबद्दल फक्त «उत्तम डॉक्टर» असे लिहिले होते. आमच्या स्वागतकक्षातील मुलीने आपुलकीने उत्तर दिले, «काकू, आता साखर आटोक्यात आहे ना?» बाईंच्या मुलाने ते वाचले आणि त्याला आईचा मधुमेह त्या ओळीतून कळला. बाईंनी तो घरात लपवला होता. आम्ही ओळ त्याच दिवशी काढली आणि मी स्वतः त्यांची क्षमा मागितली, पण मुलाला कळायचे ते कळून गेले होते. मुलीला दोष देण्यात अर्थ नव्हता, तिला मी नियम कधी सांगितलाच नव्हता. तेव्हापासून त्या खात्यावर उत्तर देण्याचा अधिकार मी फक्त दोघांकडे ठेवला आहे, आणि कठोर समीक्षेचे उत्तर लिहिल्यावर एक रात्र जाऊ देऊन दुसऱ्याने वाचल्याशिवाय ते प्रसिद्ध होत नाही.

सुजेच्या आरोपाला खरे उत्तर आपल्या संकेतस्थळावर देता येईल, कोणत्याही रुग्णाचा संदर्भ न घेता. अक्कलदाढ काढल्यानंतरची सूज बहुधा दुसऱ्या ते तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि नंतर उतरू लागते. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढत असेल, ताप येत असेल, किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढत असतील तर दवाखान्याला कळवावे. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर थांबू नये, तातडीची मदत घ्यावी. एवढी माहिती आणि दवाखाना बंद असताना खरोखर उचलला जाणारा क्रमांक एका पानावर ठेवा, आणि तीच माहिती छापून प्रत्येक रुग्णाच्या हातात द्या. मात्र ते पान या समीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी «नुकतेच एका रुग्णाला» अशा सुरुवातीने टाकू नका. दात काढणे, मुळाचे उपचार आणि कृत्रिम दात या तिन्हींची पाने तयार करून एकत्रच प्रसिद्ध करा, म्हणजे कोणा एका रुग्णाकडे बोट जाणार नाही.