वास आणि उकळी यांवर विसंबू नका

प्रश्न : काल संध्याकाळी पाच तास वीज नव्हती. फ्रिजमधल्या कशालाच वास येत नाही. भात, दूध, चिकन नीट उकळून खाल्ले तर चालेल ना?

भात आणि चिकन टाकून द्या. दूधही टाका, कारण फ्रिजचे दार एकदाही उघडले नसेल तरी आतला गारवा साधारण चार तासच भरवशाचा असतो आणि तुमचे पाच तास झाले आहेत. अशा पदार्थांचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन दोन तास उलटले की ते खाऊ नयेत, हा सर्वमान्य नियम आहे. त्यात वासाचा कुठेही संबंध येत नाही. आंबूस वास सोडणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू वेगळे. त्यामुळे दूध फाटलेले नाही, एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही.

‘उकळले की सगळे मरते’ हे वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे. एकदा अशीच दुपारी वीज गेली आणि रात्री उशिरा आली. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात मी पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून ठेवलेला असतो. त्याचा पारा ११ अंशांवर होता. मी दूध, शिजवलेले चिकन आणि भात बाजूला काढला, तेव्हा थोरले दीर भाताचे पातेले उचलून म्हणाले, “अगं, वास घेऊन बघ, काही झालेले नाही. चांगली वाफ आणली की संपले.” त्यांनी भात कडकडीत गरम केला आणि खाल्ला. तीन-चार तासांत त्यांना उलट्या सुरू झाल्या. तरीही अन्न वाया घालवणे म्हणजे माज, हे त्यांचे मत आजतागायत बदललेले नाही.

त्या भाताची गोष्ट वीज जाण्याच्या आधीच सुरू झाली होती. सकाळी शिजवलेला भात खोल पातेल्यात झाकून ओट्यावर राहिला होता आणि कोमट असतानाच फ्रिजमध्ये गेला होता. खोल पातेल्यात वरचा थर गार लागतो, पण मध्ये चमचा खुपसला की ऊब जाणवते, आणि ती फ्रिजमध्येही कित्येक तास टिकते. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू कच्च्या तांदळात असतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतून तगून राहतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, जिवाणू वाढतात आणि भातात एक विष तयार करतात. दुसऱ्यांदा तापवल्यावर वाढलेले जिवाणू मरतात, हे दिरांचे म्हणणे खरे आहे. मात्र ते विष उकळीने नष्ट होत नाही आणि त्याला वासही नसतो. ते पोटात गेले तर साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही उलट्या सुरू होऊ शकतात. म्हणून वीज किती वेळ नव्हती याच्याइतकेच, तो पदार्थ फ्रिजमध्ये जाण्याआधी किती वेळ बाहेर होता, हेही स्वतःला विचारावे.

सरसकट सगळा फ्रिज रिकामा करावा, असे मात्र मी म्हणत नाही. लोणी, कडक चीज, लोणचे, जॅम, न कापलेली फळे आणि कच्च्या भाज्या त्या रात्रीही मी ठेवल्या होत्या, कारण त्यांत आम्लता, मीठ किंवा साखर जास्त असते, ओलावा कमी असतो, नाहीतर साल शाबूत असते. कापलेली फळे, मऊ चीज, अंडी, मासे आणि शिजवलेल्या भाज्या मात्र भाताच्याच रांगेत बसतात.

वाया जाण्याचे दुःख मलाही होते, पण त्यावरचा इलाज आधी करायचा असतो. भात पसरट ताटात पातळ थर करून निववावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. वीज गेल्यावर दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा, आणि ती लवकर येणार नाही असे दिसले तर चार तास व्हायच्या आत दूध व शिजवलेले अन्न बर्फ घातलेल्या डब्यात हलवावे.

दिरांच्या उलट्या त्या भातामुळेच झाल्या, हे तपासणीशिवाय सिद्ध करता येत नाही, हे मान्य करायला हवे. शिवाय वर लिहिलेले सगळे खालच्या कप्प्यांबद्दल आहे. फ्रीझर गच्च भरलेला आणि बंद असेल तर तो सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४ तास तग धरतो. त्यातल्या मांसात अजून बर्फाचे कण दिसत असतील तर ते पुन्हा गोठवता येते, चवीत थोडा फरक पडतो इतकेच.