खोकेवाल्याला काय उत्तर लिहू?

"देवगडला आंब्याची पॅकिंग करतो. खोकेवाला १,२६,००० लगेच मागतोय. 'वाशीची पट्टी आली की देतो' असं लिहिलंय. बरं दिसेल का?"

नाही. पट्टी कधी येणार हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून तो रोज फोन करणार. बिलवार लिहा:

"नमस्कार. बिल क्र. ११२ चे ७२,००० आज एनईएफटीने पाठवले, यूटीआर क्रमांक सोबत आहे. बिल क्र. १३१ च्या ५४,००० पैकी ४८,००० २० मे रोजी पाठवतो. उरलेले ६,००० भिजून आलेल्या २०० खोक्यांचे (दर ३०), फोटो सोबत आहेत. बदली खोकी आली की त्याच दिवशी देतो, नाहीतर तेवढ्याची क्रेडिट नोट द्या."

पैसे आधी पाठवा, मग हे लिहा. यूटीआरशिवाय 'आज पाठवले' याला किंमत नाही. तारीख पट्टी अपेक्षित असते त्याच्या चार-पाच दिवस पुढची धरा, एकदा चुकली की पुढच्या तारखेवर कोण विश्वास ठेवतो? भिजलेल्या खोक्यांसाठी अख्खं बिल अडवू नका, वाद ६,००० चाच आहे.

'आमच्याकडे साठ दिवसांची पद्धत' असं मात्र लिहू नका. तो स्वतः खोकी बनवणारा, उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल, तर लेखी करार असला तरी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. बिलावर उद्यम क्रमांक आहे का, आधी बघा.