कार्यालयीन अर्जाची मराठी: सुरुवात करणाऱ्यांसाठी

तुमचा मसुदा वाचला. ‘वडील वारले, पण टॅक्सच्या बिलावर अजून त्यांचंच नाव येतंय, माझं लावून द्या,’ या वाक्यात मजकूर पुरेसा आहे. केवळ मांडणी बदलावी लागेल. पुणे महानगरपालिकेच्या करआकारणी व करसंकलन विभागाला लिहिताना विषयाची ओळ अशी ठेवावी:

विषय : मिळकत क्र. … च्या मिळकतकराच्या नोंदीत वारस म्हणून नाव लावणेबाबत.

त्याखाली असे लिहावे: ‘माझे वडील दि. … रोजी मयत झाले असून, उपरोक्त मिळकतीच्या देयकावर अद्याप त्यांचेच नाव आहे. तरी सदर मिळकतीच्या नोंदीत वारस म्हणून माझे नाव लावण्यात यावे, ही विनंती.’

‘तरी’ या शब्दापासून मागणी सुरू होते आणि वाचणाऱ्या लिपिकाची नजर तेथेच जाते, म्हणून एका अर्जात एकच मागणी ठेवावी.

नवशिक्यांच्या दोन चुका मला वारंवार दिसतात.

- ‘सदर’ म्हणजे आधी उल्लेखिलेला. ज्याचा उल्लेखच झालेला नाही, त्याला ‘सदर’ लावल्यास नेमकी कोणती मिळकत, हे कळत नाही.
- ‘लावण्यात यावे’ ही रचना कार्यालयाने करावयाच्या कामासाठी असते. स्वतःच्या कृतीसाठी ‘कर भरण्यात आला आहे’ असे लिहिल्यास तो कोणी भरला हे संदिग्ध राहते. तेथे ‘मी कर भरला आहे’ हेच योग्य.

‘वारले’ऐवजी ‘मयत’ लिहिणे मुलाला कठोर वाटते, हे मी जाणतो. ‘निधन झाले’ हेही तितकेच ग्राह्य आहे.