‘नयन’ लागत नाही, ‘डोळा’ लागतो

“भाऊ, अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, आपल्या आखाजीसाठी, माहेरच्या आठवणीचं गाणं लिहिलंय. ‘माहेराच्या विरहात, नयनी अश्रूंच्या धारा / व्यथित अंतःकरणी, दाटे दुःखाचा अंधार’. वाचायला भारी वाटतं, पण बायकांसमोर म्हटलं तर कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. उलट त्यांची जुनी साधीसुधी गाणी सुरू झाली की निम्म्या जणी डोळे पुसतात. साधे शब्द जास्त का लागतात? की ही नुसती सवय आहे?” (अमळनेरकडच्या एका वाचकाचा प्रश्न)

सवयीचा वाटा आहेच, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. आधी तुमच्या ओळींची बाजू घेतो. मापात त्या चोख आहेत. मोजून बघा, प्रत्येक चरणात आठ अक्षरं भरतात, आणि ओवीच्या अंगाने जाणारी आपल्याकडची कितीतरी गाणी ह्याच आठ-आठच्या चालीवर चालतात. म्हणजे ओळ पडते ती मापामुळे नाही. खोट शब्दांतच शोधायला हवी.

‘डोळा’ आणि ‘नयन’ ह्यांचा अर्थ कोशात एकच. पण मराठीत डोळ्याचा संसार केवढा मोठा आहे पाहा. डोळा लागतो, डोळे लागतात, डोळे भरून येतात, डोळा चुकवतात, डोळा मारतात, डोळ्यांत खुपतं, डोळ्यांवर येतं, डोळ्यांसमोर अंधारी येते, डोळ्याला डोळा लागत नाही. ह्यातल्या कोणत्याही जागी ‘नयन’ बसवून बघा. ‘माझा नयन लागला’ म्हटलं तर समोरचा आधी गोंधळेल, मग हसेल. रोजच्या बोलण्यातला शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागे क्रियापदांचं आणि वाक्प्रचारांचं अख्खं गणगोत येतं, आणि गाण्यात एका ओळीला जे काम करायचं असतं ते निम्मं हे गणगोतच करून टाकतं. ‘नयन’ला क्रियापदं मिळतात ती मोजकीच आणि बहुतेक कवितेतलीच. म्हणून तो शब्द ओळीत शोभतो, पण तिथे त्याच्या हातून फार काही होत नाही.

आता हे तुमच्याच विषयावर चालवून बघू. प्रसंग तुम्ही कळवला आहे: सासरी अडकलेली लेक, आखाजी आली, आई वाट बघते. पहिला सोपा उपाय कोणालाही सुचेल तो म्हणजे जड शब्द काढून हलके घालायचे:

आठवण येई फार, डोळा पाणी येते बाई

इथेही आठ-आठ अक्षरं आहेत. शब्द सगळे रोजचे आहेत. तरी ओळ तुमच्या पहिल्या ओळीइतकीच निर्जीव आहे, कदाचित जास्तच. साधा शब्द लागतो असं आपण म्हणतो तेव्हा ही ओळ विसरतो. ‘फार आठवण येते’ हे कुणीही, कुणाबद्दलही, कधीही म्हणू शकतं. त्यात ना ती लेक दिसते, ना आई, ना आखाजी. ‘दुःखाचा अंधार’ जितका मोघम, तितकंच हेही मोघम. फक्त लुगडं साधं नेसवलंय.

दुसरा प्रयत्न असा:

झोका बांधला निंबाला, दोर कोराच राहिला
डोळे लागले फाट्याला, डोळा लागेना रातीला

पहिल्या ओळीत दुःखाचा उल्लेखच नाही. पण आखाजीला झोका माहेरी येणाऱ्या लेकीसाठी बांधतात, हे खानदेशात वेगळं सांगावं लागत नाही. दोर कोरा आहे, म्हणजे झोका नव्याने बांधला आणि त्यावर कोणी बसलंच नाही. सगळी बातमी ‘कोरा’ ह्या एका शब्दात आहे. तोच शब्द आपण कागदाला, लुगड्याला, मडक्याला लावतो. न वापरलेली वस्तू म्हटली की हातालाच आठवतो. ‘रिकामा झोका’ म्हटलं असतं तर ओळ बरी झाली असती, पण रिकामं म्हणजे आत्ता कोणी बसलेलं नाही एवढंच. कोरं म्हणजे अजून एकदाही नाही.

दुसऱ्या ओळीत ‘लागणे’ दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा वेगळं. डोळे फाट्याला लागले, म्हणजे वाट बघतायत. डोळा लागेना, म्हणजे झोप नाही. दिवसाची गोष्ट आणि रात्रीची गोष्ट एकाच शब्दाच्या दोन रूपांनी सांगून झाली, आणि अनेकवचनाचं एकवचन होण्यापलीकडे मला काहीच करावं लागलं नाही. ती सोय मराठीनेच करून ठेवली आहे. तुमचा ‘नयन’ घेऊन ही ओळ लिहिताच येणार नाही, आणि बोलीचे शब्द गाण्यात बळकट ठरतात त्याचं माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं कारण आहे.

दुसरं कारण कानाचं. वाचणारा ओळीवर थांबू शकतो, मागे जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला ती मुभा नाही, ओळ पुढे निघून जाते. ‘व्यथित अंतःकरणी’ म्हणताना विसर्गाशी जीभ अडते, बहुतेक जणी ‘अंतकरणी’ म्हणून मोकळ्या होतील. ‘अश्रूंच्या’मध्ये ‘श्रूं’ आणि ‘च्या’ ही दोन जोडाक्षरं पाठोपाठ. आठ अक्षरांच्या चालीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखीच जागा मिळते, आणि सूर लांबवायचा तो स्वरावर. व्यंजनांची गर्दी झाली की सूर तिथे घोटाळतो. जोडाक्षर नकोच असं मात्र नाही. ‘फाट्याला’मध्येही जोडाक्षर आहे, पण ते तोंडाला रोजचं आहे, शिवाय पुढे लांब ‘आ’ मिळतो. जोडाक्षरापेक्षा अनोळखी जोडाक्षर जास्त अडतं.

आता साधा शब्द म्हणजे कोणता? पुष्कळ जण समजतात की संस्कृत आला की जड आणि देशी आला की साधा. हे खरं नाही, आणि त्याला पुरावा आपल्याच जळगाव जिल्ह्यातला आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ह्या ओळी तुम्हाला पाठच असतील:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तेव्हा मिळते भाकर

‘संसार’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. पण ‘संसार मांडला’, ‘संसाराला लागली’, ‘संसाराचं वाटोळं झालं’ हे घराघरांत बोललं जातं, म्हणून तो जड वाटत नाही. शब्द कुठून आला ह्याला गाण्यात महत्त्व नाही, कोणाच्या तोंडात आहे ह्याला आहे. ‘खबर’ अरबी-फारसीच्या वाटेने आला, ‘फोन’ इंग्रजीतून. ‘लेकीची खबर नाही’ किंवा ‘फोन वाजून थांबला’ ही ओळ ‘दूरध्वनी’पेक्षा कितीतरी मराठी आहे.

बहिणाबाईंच्या ओळीतला ‘चटके’ जरा जवळून बघा. त्या जागी ‘दाह’ येऊ शकला असता. पण दाह होतो, चालू राहतो, मोजता येत नाही. चटका बसतो, एका क्षणात, आणि दुसऱ्यांदा बसतो तेव्हा तो दुसरा चटका असतो. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला ठाऊक असतं ते हेच, म्हणून तिथे अनेकवचन आलं. त्यातून ‘च’, ‘ट’, ‘क’ ही तीनही व्यंजनं फटकन तुटणारी, ‘दाह’ म्हणताना नुसता श्वास सुटतो. आणि कोणी अकाली गेलं की ‘मनाला चटका लावून गेला’ असं आपण म्हणतोच. तो अर्थ बाईंनी ओळीत लिहिलेला नाही, तरी शब्दाबरोबर आपोआप येतो. मग क्रम बघा: आधी चटके, शेवटी भाकर. पोटाला लागणारी वस्तू ओळीच्या टोकाला ठेवली आहे, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही ती उशिराच मिळते.

एक धोका मात्र सांगतो, कारण हल्ली आपल्याकडे तो फार दिसतो. ‘साधं लिहा’ म्हटलं की काही जण प्रमाण मराठीच्या ओळीत मधेच अहिराणी टोचतात. बाकी गाणं पुस्तकी, आणि मधे एक ‘आंडेर’. धुळे-नंदुरबारकडे अख्ख्या अहिराणी गाण्यात ‘आंडेर’ म्हणजे लेक, इतका सरळ शब्द आहे. पण पुस्तकी ओळीत एकटा आणून बसवला की तोही ‘नयन’सारखाच दागिना होतो. एकतर गाणं पूर्ण अहिराणीत लिहा, तुम्हाला ती घरची असेल तर छानच होईल, नाहीतर जिथे जीभ आपसूक वळते तेवढीच बोली येऊ द्या. बाईंचा ‘चुल्ह्यावर’ तसा आहे. पुण्याच्या माणसालाही त्यासाठी कोश काढावा लागत नाही.

जड शब्द कायमचे हद्दपार करा असंही माझं म्हणणं नाही. आरत्यांमध्ये भलेभले संस्कृत शब्द असतात आणि सारा गाव टाळ्या वाजवत म्हणतो. तिथे ते लहानपणापासून तोंडात बसलेले असतात, आणि देवापुढे थोडं अंतर राखून बोललेलं शोभतंही. आई-लेकीच्या गाण्यात ते अंतर कशाला हवं?

तुमच्या बाकीच्या कडव्यांसाठी एक चाचणी. प्रत्येक नामाला त्याचं क्रियापद जोडा आणि तुमच्या घरात ते वाक्य कोण, कोणाला, कधी म्हणेल ते विचारा. ‘अश्रूंच्या धारा लागल्या’ तुमची आई म्हणणार नाही. ‘पोरीच्या डोळ्याचं पाणी खळत नाही’ म्हणेल. जे वाक्य घरात कोणीच म्हणणार नाही, त्याखाली रेघ मारून ठेवा. मग गाणं बायकांना झोक्यावर म्हणायला द्या आणि कागद हातात धरून गप्प ऐका. एखादा शब्द त्या न सांगता बदलतील. माझ्या ओळीतल्या ‘राहिला’चं ‘ऱ्हायला’ बहुधा पहिल्याच झोक्याला होईल. अक्षरं तीनच राहतात, चालीला धक्का नाही, तर होऊ द्या. पण ‘कोरा’च्या जागी कोणी ‘रिकामा’ म्हणू लागली, तर तिला थांबवून विचारा की का बदलला. चरणात एक अक्षर वाढतंय हे तिला म्हणता म्हणताच लागेल, आणि तिचं कारण ऐकल्यावर पुढचं कडवं कसं लिहायचं तेही तुम्हाला कळेल.