‘किमान ५१ टक्के’ – पण कशाच्या?

प्रश्न: ‘मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी आणि त्यात अरेबिका किमान ४० टक्के असावी’ हे रेषीय असमानतेत कसं लिहायचं? मी a + r ≥ 51 लिहिलं, ते चूक ठरलं. मग भागाकार करून लिहिलं, तर ‘हे रेषीय नाही’ असं सांगितलं. शिवाय ‘त्यात’ म्हणजे नेमकं कशात?

उत्तर: तुमच्या शेवटच्या शंकेतच पहिल्या दोन अडचणींचं उत्तर आहे. ‘टक्के’ हा शब्द मराठीत एकटा उभा राहत नाही. त्याच्याआधी एक षष्ठी असते, कधी लिहिलेली, कधी गृहीत धरलेली: मिश्रणाच्या ५१ टक्के, कॉफीच्या ४० टक्के. असमानतेची उजवी बाजू त्या षष्ठीतून येते. म्हणून पेन उचलण्याआधी प्रत्येक टक्क्याला ‘कशाच्या?’ असं विचारायचं.

यातली पहिली अट काल्पनिक नाही. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी वजनाने ५१ टक्क्यांपेक्षा कमी नसावी, असं एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११च्या नियमांत आहे, आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. तिथे ‘कशाच्या’ याचं उत्तर स्वच्छ आहे: मिश्रणाच्या एकूण वजनाच्या. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्याच दोन जाती. आता a म्हणजे अरेबिका, r म्हणजे रोबस्टा आणि c म्हणजे चिकोरी, सगळं किलोत. मिश्रण म्हणजे a + r + c. वाक्य जसं बोलतो तसंच उतरवा, ‘कॉफी ही मिश्रणाच्या ५१ टक्क्यांपेक्षा कमी नाही’:

a + r ≥ 0.51(a + r + c)

ही असमानता रेषीयच आहे, कारण कंसात नुसती बेरीज आहे आणि तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणलं आहे. सगळं डावीकडे आणलं की असं होतं:

0.49a + 0.49r − 0.51c ≥ 0

पुष्कळ जण इथे ०.४९ पाहून बिचकतात, ‘अट तर ५१ची होती’ म्हणतात. पण कॉफी स्वतःही मिश्रणात मोजली जाते. एक किलो कॉफी घातली की कॉफी एक किलोने वाढते, पण गरजही ०.५१ किलोने वाढते, म्हणून हाती उरतात ०.४९. चिकोरीचा किलो घातला तर कॉफी काहीच वाढत नाही, गरज मात्र ०.५१ने वाढते. जमाखर्चाच्या वहीसारखं वाचा: कॉफीचा प्रत्येक किलो ०.४९ जमा करतो, चिकोरीचा प्रत्येक किलो ०.५१ खर्च करतो आणि शिल्लक शून्याखाली जाता कामा नये.

आता a + r ≥ 51 का चुकलं ते पाहू. ते ५१ किलो आहेत, ५१ टक्के नव्हेत. घाणा बरोबर १०० किलोचा असेल आणि a + r + c = 100 हे समीकरण तुम्ही शेजारी लिहिलं असेल, तर ते चालतं; दोन्ही अटी मिळून एकच अर्थ देतात. पण घाणा २०० किलोचा झाला की ५१ किलो कॉफी म्हणजे २५.५ टक्के, ते मिश्रण बेकायदा. आणि घाणा ८० किलोचा असेल तर तीच अट ६३.७५ टक्के कॉफी मागते, म्हणजे विनाकारण महाग माल. गणितात एकूण वजन ठरलेलं आहे की तेही शोधायचं आहे, हे आधी वाचून घ्या. शंका असेल तर वरचं शून्यावर येणारं रूपच लिहा. ते कुठल्याही वजनाला लागू पडतं.

भागाकाराची गोष्ट वेगळी आहे. (a + r)/(a + r + c) ≥ 0.51 हे अर्थाने बरोबर आहे, फक्त रूपाने रेषीय नाही, कारण अज्ञात राशी छेदात बसल्या आहेत. छेदाने दोन्ही बाजूंना गुणलं की रेषीय रूप मिळतं. असं गुणताना चिन्ह फिरत नाही, कारण मिश्रणाचं वजन ऋण असू शकत नाही. म्हणून उत्तरात ‘a, r, c ≥ 0 आणि एकूण वजन शून्याहून जास्त’ असं कारण एका ओळीत द्या; बहुतेकांचं तेच राहून जातं. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये हा फरक लगेच दिसतो. B2, B3, B4 मध्ये तीन वजनं आहेत असं धरू. भागाकाराचं सूत्र घालून ‘Simplex LP’ निवडलंत तर रेषीयतेची अट पाळली जात नाही अशी तक्रार येते, आणि सुरुवातीला तिन्ही घरं रिकामी असतील तर `#DIV/0!` दिसतं. त्याऐवजी एका घरात हे लिहा आणि ते घर >= 0 ठेवा:

```
=0.49*B2+0.49*B3-0.51*B4
```

आता ‘त्यात’. मला हा तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, कारण इथे व्याकरण आणि पैसा एकत्र येतात. ‘मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी आणि त्यात अरेबिका किमान ४० टक्के असावी’ या वाक्यातलं ‘त्यात’ मिश्रणाकडेही जाऊ शकतं आणि कॉफीकडेही. ‘कॉफी’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून काही जण म्हणतील की तिच्यासाठी ‘तिच्यात’ हवं होतं, तेव्हा ‘त्यात’ म्हणजे मिश्रणात. पण बोलताना आपण ‘त्यात’ हे नुसतं ‘त्यामध्ये’ या अर्थाने सर्रास वापरतो, लिंग न बघता. तेव्हा लिंगावरून निकाल देणं धोक्याचं आहे. दोन्ही अर्थ मांडून बघू.

कॉफीच्या ४० टक्के अरेबिका:
a ≥ 0.40(a + r), म्हणजे 0.6a − 0.4r ≥ 0, म्हणजेच 3a ≥ 2r

मिश्रणाच्या ४० टक्के अरेबिका:
a ≥ 0.40(a + r + c), म्हणजे 0.6a − 0.4r − 0.4c ≥ 0, म्हणजेच 3a ≥ 2r + 2c

फरक फक्त c असण्या-नसण्याचा आहे. पण त्याची किंमत काढा. गणितापुरते भाव धरू: अरेबिका ६०० रुपये किलो, रोबस्टा ४००, चिकोरी १५०, आणि १०० किलोचा घाणा सगळ्यात स्वस्तात बनवायचा आहे. चिकोरी सर्वांत स्वस्त, म्हणून ती दोन्हीकडे नियमाच्या टोकापर्यंत, ४९ किलो, जाते. पहिल्या अर्थाने उरलेल्या ५१ किलो कॉफीत ४० टक्के अरेबिका, म्हणजे २०.४ किलो, आणि रोबस्टा ३०.६ किलो. खर्च ३१,८३० रुपये. दुसऱ्या अर्थाने अरेबिका ४० किलो लागते, रोबस्टाला ११ किलोच जागा उरते, आणि खर्च ३५,७५० रुपये. किलोमागे ३९ रुपये २० पैशांचा फरक एका ‘त्यात’मुळे पडला. परीक्षेत असं वाक्य आलं तर कोणता अर्थ घेतला ते लिहून मग पुढे जा. आणि तुम्हीच गणित तयार करत असाल तर ‘वापरलेल्या कॉफीच्या’ किंवा ‘तयार मिश्रणाच्या’ असं लिहून टाका. एका जादा शब्दाने वाक्य जड होत नाही.

हाच घोटाळा ‘पाव’ आणि ‘निम्मी’ यांनी होतो. ‘मिश्रणात पाव चिकोरी’ म्हणजे c = 0.25(a + r + c), म्हणजे चिकोरीच्या तिप्पट कॉफी. ‘कॉफीच्या पाव चिकोरी’ म्हणजे c = 0.25(a + r), म्हणजे चौपट कॉफी, आणि मिश्रणात चिकोरी पडते फक्त २० टक्के. ‘एकास तीन’ असं म्हटलं की मात्र घटकांची आपसांत तुलना असते, एकूणाशी नाही.

शब्दांवरून चिन्ह ओळखताना एवढं ध्यानात ठेवा: ‘किमान’, ‘निदान’, ‘कमीत कमी’ आणि ‘कमी नसावे’ या सगळ्यांना ≥ लागतं, म्हणजे नेमके ५१ टक्केही चालतात. ‘५१ टक्क्यांहून जास्त’ याला > लागतं, तिथे नेमके ५१ चालत नाहीत. ‘४९ टक्क्यांपर्यंत’ मध्ये ४९ धरलेले असतात. ‘कमी नसावे’ हे दुहेरी नकाराचं वळण फसवं आहे: घाईत ‘कमी’ एवढंच डोळ्यांत भरतं आणि हात ≤ लिहून मोकळा होतो.

ती चूक पकडायला सोपा मार्ग आहे. लिहिलेल्या असमानतेत शुद्ध माल घालून बघा. एक किलो नुसती रोबस्टा घातली तर 0.49 ≥ 0 मिळायला हवं. कायद्याच्या दृष्टीने ती शंभर टक्के कॉफी आहे. एक किलो नुसती चिकोरी घातली तर −0.51 मिळायला हवं आणि अट मोडायला हवी. मग टोकाचं मिश्रण, ५१ किलो कॉफी आणि ४९ किलो चिकोरी: ०.४९ × ५१ म्हणजे २४.९९, ०.५१ × ४९ म्हणजेही २४.९९, शिल्लक बरोबर शून्य. हे तिन्ही जमलं तर चिन्ह, सहगुणक आणि ‘कशाच्या’, तिन्ही बरोबर आहेत. दुसऱ्या अटीलाही हेच लावा: कॉफीच्या टक्क्यांची अट असेल तर नुसती चिकोरी घातल्यावर डावी बाजू शून्य येते, मिश्रणाच्या टक्क्यांची असेल तर −0.4 येते. कोणती अट लिहिली गेली आहे, ते एवढ्यावरूनच कळतं.

एक गोष्ट गणिताच्या पुस्तकात सहसा नसते, पण प्रत्यक्ष घाण्यात असते. कच्ची कॉफी भाजताना वजन घटते. साधारण १५ टक्के घट धरू. a आणि r ही कच्च्या बियांची वजनं असतील आणि चिकोरी भाजलेली भुकटी म्हणून विकत घेतलेली असेल, तर तयार मिश्रणात कॉफी 0.85(a + r) एवढीच उतरते. मग अट अशी होते:

0.85(a + r) ≥ 0.51(0.85a + 0.85r + c)

म्हणजे 0.4165(a + r) − 0.51c ≥ 0. हे विसरून ५१ किलो कच्ची कॉफी आणि ४९ किलो चिकोरी घेतली, तर तयार कॉफी ४३.३५ किलो, एकूण मिश्रण ९२.३५ किलो, आणि कॉफीचं प्रमाण जेमतेम ४६.९ टक्के. कागदावर अट पाळलेली, पाकिटात मोडलेली. नियम ज्या वजनाबद्दल बोलतो तेच वजन चलात धरलं आहे ना, हेही त्याच ‘कशाच्या?’ मध्ये येतं. असमानता तरीही रेषीयच राहिली, कारण ०.८५ हा ठरलेला आकडा आहे. ती रेषीय राहत नाही ते फक्त टक्केवारीच अज्ञात असेल तेव्हा. ‘कॉफी p टक्के ठेवू, p तुम्हीच काढा’ असं म्हटलं की p आणि a यांचा गुणाकार येतो. तेव्हा p चे दोन-चार आकडे ठरवून प्रत्येकासाठी वेगळं गणित सोडवावं लागतं.